प्लूटो: कक्षा साफ केली नाही म्हणजे नेमकं काय केलं नाही?

शंकेखोर, परळ
२००६ साली प्रागच्या सभेत खगोलशास्त्रज्ञांनी हात वर केले आणि प्लूटो ग्रह राहिला नाही. कारण काय, तर त्याने आपली कक्षा साफ केली नाही. मला हे पटत नाही. पृथ्वी उचलून प्लूटोच्या जागी ठेवली तर तीही नापास होईल. प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, म्हणजे नेपच्यूनचीही कक्षा साफ नाही. गुरूच्या मागेपुढे तर हजारो लघुग्रह आहेत. मग एकट्या प्लूटोलाच का धरलं?

गणिती काका
पृथ्वीचा दावा फार ऐकू येतो, पण हिशेबात टिकत नाही. खगोलशास्त्रज्ञ ज्याँ-ल्यूक मार्गो यांनी २०१५ मध्ये एक कसोटी मांडली. घरच्या कॅल्क्युलेटरवर होते, करून बघा.

वस्तुमान पृथ्वीच्या पटीत घ्या आणि ८०७ ने गुणा. सूर्यापासूनचं अंतर खगोलीय एककात घ्या, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, त्याचा १.१२५ वा घात काढा आणि आधीच्या आकड्याला त्याने भागा. उत्तर १ च्या वर आलं, तर ती वस्तू सूर्याच्या आयुष्यात, म्हणजे १० अब्ज वर्षांच्या आत, आपल्या आजूबाजूचा पट्टा रिकामा करू शकते. चूक बहुतेक वेळा घातात होते: लोक नुसत्या अंतराने भागतात, किंवा अंतर किलोमीटरमध्ये घालून बसतात.

प्लूटोचं सरासरी अंतर ३९.५, त्याचा घात येतो साधारण ६२.५. वस्तुमान पृथ्वीच्या ०.००२२ पट, गुणले ८०७, म्हणजे १.७८. भागाकार ०.०२८. काठावर नापास नव्हे, पार तळाला.

आता त्याच जागी पृथ्वी ठेवा. ८०७ भागिले ६२.५, जवळपास १३. आरामात पास. मंगळ ठेवला तरी १.४ येतो. तिथे पास व्हायला पृथ्वीच्या ०.०७७ पट वस्तुमान हवं, म्हणजे प्लूटो आजच्यापेक्षा ३५ पट जड हवा होता.

शंकेखोर, परळ
केला हिशेब. पण काका, तुम्ही बुध सोयीस्करपणे वगळलात! ०.०५५ गुणिले ८०७, भागिले ६२.५, उत्तर ०.७१. म्हणजे बुध तिथे नेला तर तोही ग्रह नाही. आणि प्लूटो बुधाच्या जागी, ०.३८७ एककावर, आणला तर उत्तर ५ च्या वर जातं. तिथे तो ग्रह! दहा बाय दहाची खोली कुलाब्यात असली काय नि बदलापुरात, खोलीच ना? वस्तू तीच, पत्ता बदलला की पदवी बदलते, ही कसली व्याख्या?

गणिती काका
बुधाचा आकडा बरोबर आहे आणि आक्षेपही खरा आहे. लांबच्या कक्षेत फेरा मोठा, वेग मंद, शेजाऱ्यांशी गाठ क्वचित पडते, म्हणून तिथे वजन जास्त लागतं. मी याला दोष मानत नाही, कारण ही व्याख्या सूर्यमालेची रचना सांगते, त्या गोळ्याची अंगकाठी नव्हे. तुम्ही दोष मानता. इथे आपलं जमणार नाही.

ठाणेकरीण
मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारते. नवग्रह म्हणतात ते नऊ आता आठ झाले, मग पूजेत कुणाला वगळायचं? आणि चार्टवर काय लिहू?

वरळीचा वारा
ताई, नवग्रहांत प्लूटो कधीच नव्हता. तिथे सूर्य, चंद्र, राहू, केतू धरून नऊ होतात, युरेनस-नेपच्यूनसुद्धा नाहीत. पूजेला धक्का नाही. चार्टवर आठ ग्रह आणि वेगळ्या रांगेत पाच बटुग्रह, म्हणजे गोल असून कक्षा साफ न केलेले: सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस.

आता नेपच्यून आणि गुरूकडे. साफ या शब्दाने घोळ होतो. एकही दगड शिल्लक नको, असा त्याचा अर्थ नाही. मोठा ग्रह शेजाऱ्याला गिळतो, दूर भिरकावतो, नाहीतर आपल्या तालावर नाचवतो. गुरूचे ते लघुग्रह त्याच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे असलेल्या ठिकाणांभोवती अडकलेले आहेत. ते गुरूच्या ताब्यात आहेत, हेच पुरावा म्हणून पुरे.

प्लूटोचंही तसंच. नेपच्यून सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात, १६५ वर्षांची फेरी आणि २४८ वर्षांची. ही लय नेपच्यूनने लावलेली आहे. म्हणून १९७९ ते १९९९ प्लूटो सूर्याला नेपच्यूनपेक्षा जवळ होता तरी टक्कर शक्य नव्हती. दोघं एकमेकांच्या १७ एककांच्या आत येतच नाहीत. उलट प्लूटो युरेनसच्या जास्त जवळ जातो, साधारण ११ एककांपर्यंत. आणि याच दोनास-तीनच्या लयीत प्लूटोसारखे आणखी बरेच बर्फाळ गोळे फिरतात. शेजार त्याने हटवलेला नाही, तोच त्या शेजारातला एक आहे.

आणि हे काही प्लूटोवर पहिल्यांदा घडलं नाही. १८०१ साली सापडलेला सेरेस कित्येक वर्षं ग्रहांच्या यादीत होता. मग त्याच पट्ट्यात एकामागून एक लघुग्रह सापडत गेले आणि त्याचं नाव यादीतून गेलं. प्लूटोच्या बाबतीत १९९२ पासून तसेच शेजारी सापडू लागले, आणि २००५ मध्ये एरिस जाहीर झाला, प्लूटोपेक्षा वजनाने सुमारे २७ टक्के जास्त. प्लूटो ठेवला असता तर एरिस दहावा ग्रह करावा लागला असता, आणि मग पुढे थांबायचं कुठे?

बर्फगोळा
थांबायचंच कशाला? शंभर ग्रह झाले तर बिघडलं काय? पाठ करायला सोपं जावं म्हणून निसर्गाने यादी आखडती घ्यावी की काय!

२०१५ च्या जुलैत न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं. तिथे गोठलेल्या नायट्रोजनचं मैदान दिसलं, त्यावर विवरं जवळजवळ नाहीतच, म्हणजे पृष्ठभाग ताजा आहे. बर्फ खालून हळूहळू वर येतो, बाजूला सरकतो, पुन्हा खाली जातो, आणि त्यामुळे मैदानावर मोठमोठे बहुभुज उमटलेत. पाण्याच्या बर्फाचे डोंगर, पातळ वातावरण, निळसर धुकं. एवढं सगळं चालू असलेल्या गोळ्याला भूगर्भवाले ग्रहच म्हणतात, कारण त्यांचे प्रश्न ग्रहाचेच आहेत. त्यांची कसोटी एकच: स्वतःच्या गुरुत्वाने गोल झाला का?

वरळीचा वारा
मग आपला चंद्रही ग्रह आणि शनीचा चंद्र टायटनही. हे मान्य आहे का तुम्हाला?

बर्फगोळा
मला मान्य आहे. टायटन बुधापेक्षा आकाराने मोठाच आहे. आणि प्रागचं एक कुणी सांगत नाही. बटुग्रह हा ग्रहांचाच एक प्रकार धरावा, अशी वाट करून देणारा ठरावही त्याच दिवशी मांडला होता. तो पडला. म्हणून आज बटुग्रह म्हणजे ग्रह नव्हे. तो ठराव पास झाला असता तर हा धागाच निघाला नसता.

शंकेखोर, परळ
आणि २००६ च्या त्या व्याख्येत फक्त सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूंचा उल्लेख आहे. बाहेरच्या ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडलेत, ते या शब्दांत बसतच नाहीत. काका, तुमची कसोटी तिथे लावता येते?

गणिती काका
येते. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्यायचं आणि त्याच्या एका घाताने आणखी भागायचं, सूर्यासाठी ते १ असल्यामुळे वर लिहिलं नाही. तो घात ५/२. ताऱ्याजवळून फिरणारे जे ग्रह मोजलेत ते बहुतेक सगळे यात पास होतात. लांब कक्षेतल्या हलक्या गोळ्यांचं काय, ते इतक्या दुरून आज दिसतच नाहीत, त्यामुळे तिथली सीमारेषा अजून कुणी तपासलेली नाही.