पहिल्या बैठकीत काय होतं?

"भावाला दारूसाठी पहिल्यांदाच समुपदेशनाला नेतोय, नागपुरातच. रागावतात का? नेमकं काय विचारतात?"

मी समुपदेशक आहे, आम्ही रागावत नाही. आधी तो किती, कधीपासून पितो ते विचारतो, आणि सकाळी हात थरथरतात का हेही. थरथरत असतील तर दारू एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवा.

मग खरं बोलणं. समजा, भाऊ बुटीबोरीला कामाला आहे. मी विचारेन, "दारू सोडणं 0 ते 10 मध्ये किती महत्त्वाचं वाटतं?" तो म्हणाला, 4. "इतकं कमी का?" विचारलं तर तो दारूची बाजू मांडत बसेल. म्हणून विचारायचं, "4 का, 1 का नाही?" मग तो स्वतःच सांगतो, "पोरगी जवळ येत नाही जी." कारण त्याच्याच तोंडून येणं, प्रेरक मुलाखत या समुपदेशनाच्या पद्धतीचा सारा भर यावर.

शेवटी मागच्या वेळी तो प्यायला कसा, त्याची साखळी कागदावर मांडतो: शिफ्ट सुटली, मित्राची गाडी, "थकलोय, एकच क्वार्टर" हा विचार, मग दुकान. कुठली कडी तोडायची ते तोच निवडतो. ही वर्तन-विचार पद्धतीची सुरुवात. पुढचा आठवडा अशाच नोंदी वहीत करायच्या.

शपथ कोणी घ्यायला लावत नाही. तुम्ही मात्र थोडा वेळ बाहेर बसा, घरच्यांसमोर माणूस प्रमाण कमी सांगतो.