राजीनाम्याचा ई-मेल आणि राहून गेलेला चार्ज : आपापले अनुभव सांगा

खतावणी

परवा, म्हणजे 11 ऑगस्टला, संध्याकाळी सव्वासात वाजता कुकरची दुसरी शिट्टी होत असताना माझ्या फोनवर जीएसटी पोर्टलचा ओटीपी आला. ज्या फर्मच्या विवरणपत्रासाठी तो आला होता, ती नोकरी सोडून मला दोन वर्षे झाली आहेत. लगेचच जुन्या सरांचा फोन आला, "अहो, तुमच्याकडे आकडे आले असतील बघा, आज जीएसटीआर-1 ची शेवटची तारीख आहे." मी आकडे सांगितले, आणि फोन ठेवल्यावर मला 19 जून 2023 चा माझा राजीनाम्याचा ई-मेल आठवला. तो काढून पुन्हा वाचला आणि खाली देत आहे, कारण त्यात बरोबर काय होते आणि काय राहिले, हे आता मला स्पष्ट दिसते आहे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीत मी नऊ वर्षे हिशेब सांभाळत होते. नियुक्तिपत्रात तीस दिवसांची नोटीस होती. पुण्याच्या कंपनीचे पत्र हातात आल्यानंतरच मी लिहायला बसले.

"आदरणीय सर, मी लेखापाल पदाचा राजीनामा देत असून शुक्रवार, 21 जुलै 2023 हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. नोटिशीचे तीस दिवस 19 जुलैला पूर्ण होतात. परंतु जूनच्या थ्री-बीची मुदत 20 जुलै असल्याने ते विवरणपत्र भरून मगच मी जाईन. पहिल्या वर्षी माझ्या चुकीमुळे विलंब शुल्क भरावे लागले, तेव्हा आपण ते माझ्या पगारातून कापले नाहीत आणि चूक कुठे झाली ते शेजारी बसून मला दाखवलेत, याची मला कायम आठवण राहील. 7 तारखेचा टीडीएस, 11 ची जीएसटीआर-1, 15 चा पीएफ आणि 20 ची थ्री-बी ही चारही कामे जुलैमध्ये नव्या व्यक्तीने माझ्यासमोर स्वतः करावीत, अशी विनंती आहे. टॅलीचा बॅकअप, पासवर्डची वही आणि नूतनीकरण केलेली डिजिटल स्वाक्षरी मी शेवटच्या दिवशी आपल्या हाती देईन. कृपया शेवटच्या दिवसाची तारीख उत्तरी ई-मेलने कळवावी."

सर्व काही सांगितल्याप्रमाणे दिले. फक्त 2017 मध्ये जीएसटीची नोंदणी करताना सरांच्या नावापुढे माझा मोबाईल नंबर घातला होता, कारण फाउंड्रीच्या शेडमध्ये सरांच्या फोनला रेंज येत नसे. डिजिटल स्वाक्षरी दोन वर्षे चालू होती, त्यामुळे ओटीपीची गरज कोणाला पडली नाही. गेल्या महिन्यात ती संपली आणि गाडी माझ्या स्वयंपाकघरात येऊन थांबली.

तुमच्या राजीनाम्यात काय राहून गेले होते?

पिंपरीचा एचआर

ताई, ई-मेल उत्तम आहे, आणि त्याचे कारण म्हणजे तारीख पहिल्याच वाक्यात आहे. मला येणाऱ्या राजीनाम्यांत आभाराचे चार परिच्छेद असतात आणि तारखेच्या जागी "नियमानुसार" एवढेच लिहिलेले असते. मग नोटीस कधीपासून मोजायची, पगार कोणत्या दिवसापर्यंत काढायचा आणि पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख काय घालायची, हे तिन्ही प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडतात. कोणत्या कंपनीत चाललो हे तुम्ही लिहिले नाही, तेही योग्यच केले, कारण त्याची कोणालाही गरज नसते.

एक सुचवतो. उत्तरी ई-मेलमध्ये साहेब नुसते "ओके" लिहितात, ते पुरेसे समजू नये. "राजीनामा स्वीकारला, अमुक तारखेला कार्यमुक्त करू" असे वाक्य मागून घ्यावे, कारण रिलिव्हिंग लेटर अडकले की तेच वाक्य कामी येते.

तिखटजाळ

फोनवर ओटीपी सांगितलात? बँकवाले वर्षभर ओरडून सांगत आहेत, आणि हिशेबनीस बाईंनीच तो सांगून टाकला!

खतावणी

सरांचा आवाज नऊ वर्षे ऐकलेला आहे हो. तरीही मी फोन ठेवून त्यांच्या जुन्या नंबरावर स्वतः फोन केला आणि मगच आकडे सांगितले.

हिंजवडी फेज टू

आमच्याकडे नव्वद दिवसांची नोटीस होती, त्यामुळे चार्ज द्यायला वेळच वेळ होता. चाळीस पानांचा दस्तऐवज लिहिला आणि केटीची, म्हणजे काम समजावून देण्याची, अकरा सत्रे घेतली. ई-मेलमध्ये "संपूर्ण हस्तांतरण पूर्ण झाले आहे" असे अभिमानाने लिहिलेसुद्धा.

रोज पहाटे पाच वाजता एक अहवाल आपोआप तयार होऊन ग्राहकाला जात असे. ते काम तीन वर्षांपूर्वी मीच घाईत माझ्या स्वतःच्या लॉगिनवर लावून ठेवले होते. शुक्रवारी मी बाहेर पडलो, रात्री माझे खाते बंद झाले आणि शनिवारी पहाटे अहवाल गेला नाही. ग्राहकाला सोमवारी ते कळले. दस्तऐवजात त्या अहवालाचे पूर्ण पान होते, पण तो कोणाच्या नावावर चालतो, ही ओळ नव्हती. खतावणीताईंचा मोबाईल नंबर आणि माझे लॉगिन ही एकच गोष्ट आहे, असे वाचताना वाटले. आता मी नोकरी सोडण्याच्या दोन आठवडे आधी स्वतःचे लॉगिन एक दिवस बंद ठेवायला सांगतो आणि काय काय थांबते ते पाहतो.

रजाशिल्लक

तीस दिवस भरण्याची गरजच काय होती? शिल्लक रजा नोटिशीत वळती करून घेण्याचा आपल्याला हक्क असतोच. मी अठरा दिवसांची रजा वळती करून बाराव्या दिवशी बाहेर पडलो होतो.

पिंपरीचा एचआर

रजाशिल्लक, तुमच्या कंपनीने मान्य केले म्हणून ते झाले. नियुक्तिपत्रात किंवा रजेच्या नियमात तसे लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ती मालकाच्या संमतीची बाब आहे. त्यामुळे ई-मेलमध्ये "माझी अठरा दिवसांची रजा वळती करून अमुक तारखेला मुक्त करावे, अशी विनंती आहे" असे लिहावे. "वळती करत आहे" असे लिहिले आणि त्यांनी नकार दिला, तर उरलेल्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो.

ऱ्हाईनकाठची

माझा ई-मेल इतका सुंदर होता की वरिष्ठांनी तो वाचून मला मिठी मारली, आणि तरीही तो कायद्याने राजीनामाच नव्हता. जर्मनीत नोकरी सोडल्याची सूचना कागदावर, शाईच्या सहीने द्यावी लागते. तेथील नागरी संहितेच्या कलम 623 मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूप स्पष्टपणे वगळलेले आहे.

नवी नोकरी 1 जूनपासून होती. करारात कायद्यातलीच मुदत होती, म्हणजे चार आठवडे, आणि तीही महिन्याच्या 15 तारखेला किंवा महिनाअखेरीस संपणारी. 31 मेला सुटायचे तर सूचना 3 मेपर्यंत त्यांच्या हाती पडायला हवी होती. मी 2 मेला ई-मेल केला आणि निश्चिंत झाले. एचआरने नम्रपणे सहीचा कागद मागितला, आणि तो पोस्टाने पोहोचला 5 मेला. त्या हिशेबाने सुटका थेट 15 जूनला होत होती! वरिष्ठांनी आपसात करार करून 31 मेला सोडले म्हणून निभावले. त्या करारावरसुद्धा दोघांच्या सह्या कागदावरच घेतल्या. जर्मनीत असलेल्या मराठी मंडळींनी ई-मेल आभारासाठी जरूर पाठवावा, पण कागद स्वतः नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी.

सुधाआजी नागपूर

माझ्या मुलीने मागच्या वर्षी राजीनामा दिला तेव्हा कार्यालयाने निरोपाला संत्राबर्फी मागवली होती आणि तिला भाषण करायला लावले. तिने ते आदल्या रात्री मला पाठ म्हणून दाखवले. भाषणात काय बोलावे, हे कोणी सांगेल का?

तिखटजाळ

आजी, हा धागा ई-मेलचा आहे, पण बर्फीचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

लेथ मशीन

मी पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण माझा बावीस माणसांचा कारखाना आहे आणि राजीनामे मला येतात. पासवर्ड, बॅकअप, चाव्या हे सगळे जण देतात. जे टॅलीत नसते ते कोणी देत नाही. आमच्या जुन्या हिशेबनीसांनी एका पार्टीला तोंडी शब्द दिला होता की, नाकारलेल्या मालाचे चौदा हजार पुढच्या बिलातून वजा करू. ते गेले, नव्या मुलाने पूर्ण बाकीसाठी तगादा लावला आणि अकरा वर्षांची पार्टी रागावून बसली. क्रेडिट नोट निघालेलीच नव्हती, त्यामुळे पुस्तकात मुलगा बरोबर होता.

त्यानंतर माझ्याकडे राजीनामा आला की मी एकच गोष्ट मागतो. येणेबाकीची यादी छापायची आणि प्रत्येक नावापुढे शेवटचे बोलणे काय झाले, ते स्वतःच्या हाताने लिहायचे. एका दुपारचे काम आहे. आभाराचे म्हणाल, तर सरांनी शेजारी बसून चूक दाखवली, हे वाचून मला बरे वाटले, कारण आम्हाला येणाऱ्या पत्रांत "मिळालेल्या संधीबद्दल धन्यवाद" यापलीकडे काही नसते.

दोलायमान

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी सोमवारी राजीनामा पाठवला, गुरुवारी साहेबांनी पगार वाढवून देतो म्हणून सांगितले. मी ई-मेल मागे घेऊ शकतो का? नव्या ठिकाणी होकार दिलेला आहे.

पिंपरीचा एचआर

शेवटचा दिवस पुढचा असेल आणि राजीनामा अजून अमलात आलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे तो मागे घेता येतो. मात्र स्वीकृतीचे पत्र निघाले असेल तर नियुक्तिपत्रातील अट पाहावी लागेल. नव्या ठिकाणी दिलेल्या होकाराचे काय करायचे, ते मी सांगणार नाही.

लेथ मशीन

मी सांगतो. साहेबांना वाढ गुरुवारीच का सुचली, ते विचारा.

हिंजवडी फेज टू

मी एकदा थांबलो होतो आणि मला पश्चात्ताप झाला नाही. त्यामुळे लेथ मशीन यांच्याशी मी सहमत नाही.

दोलायमान

आता मी आणखीच दोलायमान झालो आहे.

पिंपरीचा एचआर

खतावणीताई, तो नंबर मात्र आताच बदलून घ्या. संपर्काचा मोबाईल बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, पण डिजिटल स्वाक्षरी संपलेली असल्याने त्या अर्जाचा ओटीपीही तुमच्याच फोनवर येईल. उद्या तुमचे सिमकार्ड बंद झाले, तर सरांना अधिकारपत्र घेऊन त्यांच्या विभागाच्या जीएसटी कार्यालयात जावे लागेल.

खतावणी

काल रात्री तेच केले. सर, नवा मुलगा आणि मी तिघे फोनवर होतो. आधी नवा नंबर घातला, त्याचा ओटीपी सरांकडे गेला, आणि शेवटी अर्जावरच्या सहीचा ओटीपी माझ्याकडे आला. शेडमध्ये अजून रेंज येत नाही, म्हणून सर वजनकाट्यापाशी रस्त्यावर उभे राहून आकडे ओरडून सांगत होते. माझ्या ई-मेलमध्ये "पासवर्डची वही" या शब्दांपुढे "आणि ज्या ज्या ठिकाणी माझा मोबाईल नंबर नोंदवलेला आहे त्यांची यादी" एवढे लिहिले असते, तर हे दोन वर्षांपूर्वीच झाले असते.

सरांनी आभार मानले, मुलाने निश्वास टाकला. आज सकाळी फाउंड्रीच्या वीजबिलाचा महावितरणचा संदेश माझ्या फोनवर आला आहे.