पित्ताशय काढल्यानंतरचे जुलाब

> पित्ताशय काढून वर्ष झालं. जेवलं की पाण्यासारखे जुलाब. कोलोनोस्कोपी नॉर्मल. आता काय?

पित्ताम्लांमुळे असेल का, हे डॉक्टरांना विचारा. लहान आतड्याच्या शेवटी शोषली न गेलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरली की तिथे पाणी सुटतं. माझ्या आईचं असंच होतं, रात्रीही उठावं लागे. याची खास तपासणी आमच्याकडे मिळेना, म्हणून डॉक्टरांनी पित्ताम्लं बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिन पावडर देऊनच पाहिली. 4 ग्रॅमची पुडी, पाण्यात नीट ढवळून, जेवणाआधी. आठवड्याभरात फरक पडला. (चव मात्र वाळू कालवल्यासारखी!)

चूक एकच झाली. आई थायरॉईडची गोळी पावडरीसोबतच घ्यायची. पावडर गोळीलाही बांधून ठेवते, त्यामुळे ती नीट शोषली जाईना आणि थायरॉईडच्या रक्ततपासणीतला टीएसएच चढला. आता गोळी सकाळी सहाला, पावडर थेट दुपारच्या जेवणाआधी.