मदत हवी आहे: इतिहासाच्या एकाच धड्यातून एमसीक्यू काढतेय, चुकीचे पर्याय सुचत नाहीत

लालबागची_बाई: संध्याकाळी आठवीच्या अकरा मुलांना शिकवते. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या धड्यावर वीस प्रश्न काढायला बसले आणि चौथ्यालाच अडले. नमुना बघा.

राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते?
1) व्योमेशचंद्र बॅनर्जी 2) लॉर्ड कर्झन 3) महात्मा गांधी 4) तात्या टोपे

धडा न उघडलेल्या पोरानेही बरोबर सोडवला. म्हणे, "बाई, बाकीचे तिघं ओळखीचे आहेत. ते नव्हते एवढं कळतं."

पाटीपेन्सिल: सोप्पंय. सगळी नावं धड्यातलीच घ्या, मुलं फसतातच.

निवृत्त_पेपरसेटर: अर्धंच खरं. कर्झन धड्यात असला तरी उपयोग नाही, व्हाइसरॉय सभेचा अध्यक्ष कसा होईल? प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाची एक ठरावीक चूक हवी. ॲलन ह्यूम घाला, कारण स्थापनेतला पुढाकार आणि अध्यक्षपद यांत मुलं गोंधळतात. दादाभाई घाला, ते 1886 च्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष. फिरोजशहा मेहता घाला, ते पहिल्या अधिवेशनाला हजर होते, शिवाय मुंबईचे.

स्थळ विचारायचं तर 'पुणे' हवंच. अधिवेशन आधी पुण्यालाच ठरलं होतं, तिथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून 28 डिसेंबर 1885 ला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. अर्धवट वाचलेलं मूल नेमकं तिथे पडतं.

मात्र चुकीचा पर्याय खरोखर चूक आहे ना, हे तपासा. 'दादाभाई कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष कधी होते?' याला मी एकदा 1886 आणि 1906 दोन्ही दिले होते. दोन्ही बरोबर! पालक भांडायला आले, आणि त्यांचंच खरं होतं.

घाटकोपरकर: आमच्या मुलीला चुकीच्या उत्तराला गुण कापतात. हे आठवीत चालतं का?

पाटीपेन्सिल: दादा, इथे प्रश्न काढायचं चाललंय, गुण कापायचं नाही.

निवृत्त_पेपरसेटर: बाई, एक करा. तोच प्रश्न आधी पर्यायांशिवाय विचारा. मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरं हेच तुमचे पर्याय.

लालबागची_बाई: काल करून पाहिलं. अकरापैकी चौघांनी ह्यूम लिहिलं, दोघांनी टिळक. आणि एकाने गांधीजी! 1885 मध्ये गांधीजी सोळा वर्षांचे. मग माझा गांधीजींचा पर्याय अगदीच टाकाऊ नव्हता की.

निवृत्त_पेपरसेटर: एकाच मुलाने लिहिलंय, लगेच धरू नका. पुढच्या बॅचला ठेवून बघा. कोणीच टिक केलं नाही तर काढा.

पाटीपेन्सिल: काढून चौथा काय घालणार? मी तर सरळ तीनच पर्याय देते.

निवृत्त_पेपरसेटर: परीक्षेत चार येतात, मुलांना सवय चारचीच हवी.

पाटीपेन्सिल: भरताड चौथ्याची सवय कशाला?

लालबागची_बाई: ते तुमचं चालू द्या. मी चौथ्याला टिळक घालतेय. 'पुणे' वाल्या प्रश्नाला अजून दोन शहरं हवीत, कलकत्ता सोडून काय घेऊ?