शब्दचर्चा : ‘कौटुंबिक कार्य’ आणि रजेचा अर्ज

पालक, राजारामपुरी : सातवीतल्या मुलासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा आहे. सासूबाईंनी एवढेच सांगितले की कारण ‘कौटुंबिक कार्य’ लिही, बाकी घरातले काही नको. मग उरलेल्या जागी काय लिहावे?

निवृत्त शिक्षिका : ‘कार्य’ एकटे लिहू नका. लग्न, मुंज ही कार्येच, पण दिवसकार्यही कार्यच. ‘घरी कार्य आहे’ असा अर्ज आल्यावर मी एका मुलीला जवळ घेऊन धीर देऊ लागले, तर तिच्या काकांचा साखरपुडा निघाला! ‘कौटुंबिक समारंभ’ लिहिले की प्रसंग शुभ आहे हे कळते आणि कोणाचा, कुठे हे सांगावे लागत नाही. ‘कार्यक्रम’ म्हटले की मला तरी स्नेहसंमेलनच आठवते.

शाळेतील लिपिक : रजा नोकरदारांची असते, विद्यार्थ्यांनी ‘सुट्टी’ लिहावे.

निवृत्त शिक्षिका : बोलताना ठीक आहे, परंतु सुट्टी शाळा सगळ्यांना देते आणि रजा ज्याची त्याने मागायची असते, म्हणून अर्जात मी ‘रजा’च लिहीन.

लिपिक : मला अजूनही ते खटकते. ‘गैरहजर राहण्यास परवानगी’ लिहिले तर वादच नाही.

शिक्षक, गडहिंग्लज : मलाही भाच्याच्या लग्नाला जायचे आहे. किरकोळ रजेच्या अर्जात तासिकांच्या पर्यायी व्यवस्थेचा उल्लेख कुठे करावा?

निवृत्त शिक्षिका : सर, तो अर्ज वेगळा, इथे प्रश्न पालकांच्या अर्जाचा आहे. ताई, तारखा कोणत्या?

पालक : शुक्रवार 12 आणि शनिवार 13 डिसेंबर 2025. शनिवारी सकाळची शाळा असते, तरी तो दिवस धरावा ना?

निवृत्त शिक्षिका : धरावा. नुसते ‘13 पर्यंत’ लिहिल्यास 13 तारीख आत की बाहेर असा घोळ होतो, म्हणून दिवस मोजून लिहावेत आणि हजर होण्याची तारीखही द्यावी. जे ठाऊक नाही त्याची जागा रिकामी ठेवा. आजीचे आजारपण किंवा आत्याचे लग्न जोडू नका.

‘मा. मुख्याध्यापक यांस,
विषय : दोन दिवसांच्या रजेबाबत.
महोदय, माझा मुलगा ……… हा आपल्या शाळेत इयत्ता सातवी, तुकडी …… मध्ये शिकत आहे. कौटुंबिक समारंभामुळे तो शुक्रवार, दि. 12 आणि शनिवार, दि. 13 डिसेंबर 2025 असे दोन दिवस शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी कृपया त्याची रजा मंजूर करावी, ही विनंती. सोमवार, दि. 15 रोजी तो हजर राहील आणि बुडालेला अभ्यास पूर्ण करून घेईल.
आपली विश्वासू,
(पालकाची सही)’

मुख्याध्यापिका असतील तर ‘महोदया’ करा. अकरावी-बारावीचा अर्ज असता तर ‘प्राचार्य’ लिहिले असते.

पालक : ‘आज्ञाधारक’ नको का?

निवृत्त शिक्षिका : ते मुलाने स्वतः अर्ज केला तर. सही तुमची आहे.

पालक : सासूबाईंना ‘समारंभ’ फार मोठा वाटतो आहे, घरात फक्त जावळ आहे.

लिपिक : मग ‘घरगुती समारंभ’ लिहा, आकार आपोआप लहान होईल.