अचानक गाव सोडावं लागलं तर परीक्षा केंद्र बदलून मिळावं का?

उदगीरची_लेक
बी.कॉम. तिसरं वर्ष, सहावं सेमिस्टर. कॉलेज उदगीर तालुक्यात, परीक्षेचा फॉर्म तिथूनच भरलाय. मागच्या महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उपचारासाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहायलोत. घरात आई आणि मीच. पेपर 26 दिवसांवर आलेत, पाच पेपर, एक दिवस आड. कॉलेजातले क्लार्क म्हणायलेत, असं केंद्र बदलत नसतं. खरंच नसतं का? आणि माझ्यासारखीला ते मिळावं की नाही, तुम्हाला काय वाटतं?

केंद्रप्रमुख_बारा_वर्षं
ताई, वडिलांना लवकर आराम पडो. पण मत विचारलंत म्हणून सांगतो, मी या सवलतीच्या विरोधात आहे.

बारा वर्षं परीक्षा केंद्र सांभाळलं. एका सत्रात माझ्याकडे केंद्रबदलाचे सात अर्ज आले. कारणं वेगवेगळी, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाची आजारी आजी. पण सातातले पाच अर्ज एकाच केंद्रासाठी होते, आणि ते केंद्र कशासाठी प्रसिद्ध होतं हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. खरा अर्ज आणि असला अर्ज कागदावर अगदी सारखेच दिसतात. दोघांनाही दवाखान्याची चिठ्ठी जोडलेली असते.

दुसरं असं की अडचण कुणाची मोठी हे कोण ठरवणार? किनवटच्या तांड्यावरची पोरगी पहाटे निघून दोन गाड्या बदलून केंद्रावर येते. ती कधी अर्ज करत नाही, कारण अर्ज करता येतो हेच तिला माहीत नसतं. सवलत शेवटी धावपळ करू शकणाऱ्यालाच मिळते.

वेरूळ_रोड
एवढा विचार कशाला? संभाजीनगरात कॉमर्सची कॉलेजं ढीगभर आहेत. जवळच्या कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटा, ते बसू देतील. नाहीतर सरळ ट्रान्सफर घ्या. आता क्रेडिट बँक आलीय, आधीच्या सेमिस्टरचे क्रेडिट कुठंही चालतात.

जुना_परीक्षा_विभाग
मी परीक्षा विभागात टेबलावर बसून हे अर्ज हाताळलेत, आता निवृत्त आहे. आधी वेरूळ रोड यांचं बघू, कारण त्या सल्ल्यावर गेलात तर हातातले दिवस वाया जातील.

उदगीर लातूर जिल्ह्यात आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. संभाजीनगरच्या कॉलेजात नांदेडची प्रश्नपत्रिका येणारच नाही, मग प्राचार्य कितीही भले असोत. क्रेडिट बँकेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पूर्ण झालेल्या सेमिस्टरचे क्रेडिट नेता येतात, पण चालू सेमिस्टरचा फॉर्म भरून झाल्यावर, परीक्षेच्या तोंडावर, ती वाट नाही. शेवटच्या सेमिस्टरला तर तिच्या नादी लागूच नका.

म्हणून मागणी संभाजीनगरची करायची नाही. नकाशा समोर घ्या आणि नांदेड विद्यापीठाची हद्द तुमच्याकडे कुठपर्यंत येते ते बघा. संभाजीनगरहून नांदेडकडे जाणारी रेल्वे धरली की जालना, मग परतूर, मग सेलू. परतूर जालना जिल्ह्यातलं, म्हणजे त्या विद्यापीठाचं. सेलू परभणी जिल्ह्यातलं. तुमची हद्द तिथं सुरू होते. उदगीरला जायचं तर तीनशे किलोमीटरच्या वर आणि अख्खा दिवस मोडतो. सेलू त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे.

आता केंद्रप्रमुखांच्या शंकेला माझं उत्तर. त्यांचं दुखणं खरं आहे, ते पाच अर्ज मीही बघितलेत. पण असा अर्ज ओळखायची एक खूण आहे. लबाड अर्जात ठरावीक कॉलेजचं नाव असतं, अडलेल्याच्या अर्जात अंतर असतं. म्हणून अर्जात कॉलेजचं नाव लिहूच नका. असं लिहा:

«वडिलांवर छत्रपती संभाजीनगर येथे उपचार सुरू असल्याने माझे वास्तव्य तेथे आहे. तरी सेलू किंवा परभणी येथील, माझ्या सर्व विषयांची परीक्षा त्याच वेळापत्रकानुसार होत असलेल्या कोणत्याही केंद्रावर मला बसण्याची परवानगी मिळावी. केंद्र निवडीचा निर्णय परीक्षा विभागाने घ्यावा, तो मला मान्य राहील.»

यातलं «माझ्या सर्व विषयांची» हे फार मोलाचं. सेलूत बी.कॉम. आहे म्हणून तुमचा ऐच्छिक विषयही तिथं असेलच असं नाही. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते, पेपरच्या आधी केंद्रावर उघडतात आणि विद्यार्थ्यांच्या संख्येइतक्या प्रती काढतात. ज्या विषयाचा एकही विद्यार्थी त्या केंद्रावर नाही त्याची प्रश्नपत्रिका तिथं येत नाही. चार पेपर बरोबर होतात आणि पाचव्याला मुलगी बाकावर नुसती बसून राहते. म्हणून अर्जात पाचही विषयांचे कोड फॉर्मवरून बघून लिहा.

भाचीचे_मामा
आमच्या भाचीचं नीटचं केंद्र लांब आलं होतं. किती मेल केले, काही झालं नाही. हे लोक ऐकतच नाहीत. ताई, अपेक्षा ठेवू नका.

जुना_परीक्षा_विभाग
मामा, ती परीक्षा वेगळी. तिथं शहराची पसंती फॉर्ममध्येच घेतात, दुरुस्तीची मुदत संपली की बदल नाही. पण मोठ्या परीक्षांना हे कधीच जमत नाही असंही नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे यूपीएससीने पूर्वपरीक्षेसाठी केंद्र बदलायची मुभा दिली होती. 2021 मध्ये सीबीएसईने शहर सोडून गेलेल्या मुलांना शाळेमार्फत परीक्षेचं शहर बदलू दिलं. दोन्हीकडे ठरावीक मुदत होती. शाळेमार्फत ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, विद्यापीठातही कॉलेजमार्फत आलेला कागदच हलतो.

केंद्रप्रमुख_बारा_वर्षं
कॉलेजचं नाव न लिहिण्याची गोष्ट पटली. हे मला बारा वर्षांत कुणी सुचवलं नाही.

तरी दोन गोष्टींवर मी ठाम आहे. एक, हॉल तिकीट निघाल्यावर बदल नको. केंद्रावर बैठक व्यवस्था लागलेली असते, हजेरीपट छापलेला असतो, त्यात पेनाने एक नाव वाढवलं की पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. दोन, केंद्र बदललेल्या मुलाचं ओळखपत्र केंद्रप्रमुखानं स्वतः तपासावं, कारण तिथं त्याला ओळखणारं कुणी नसतं. दुसराच कुणी येऊन बसला तर पर्यवेक्षकाला काय कळणार?

उदगीरची_लेक
काका, सर, दोघांचेही आभार. आज फोन केला, क्लार्क अर्जच घेईनात. प्राचार्य दौऱ्यावर आहेत म्हणे. मी आईला इथं एकटं सोडून उदगीरला जावं का? आणि विद्यापीठाकडून उत्तर आलंच नाही तर पेपरला कुठं जायचं?

जुना_परीक्षा_विभाग
जावं लागलं तर एकदाच जा, आणि सगळं घेऊन जा. अर्जाच्या दोन प्रती, परीक्षेच्या फॉर्मची पावती, दवाखान्यात दाखल केल्याचा कागद आणि खोलीचा भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र. क्लार्कशी वाद घालू नका. आवक-जावक टेबलावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का बसला की «आमच्याकडे आलाच नाही» हे म्हणता येत नाही. प्राचार्य नसतील तर त्यांचा पदभार कुणाकडे तरी असतोच, त्यांची सही चालते.

प्राचार्यांच्या शिफारस पत्रात तुमचा पीआरएन, विषयांचे कोड आणि अंतर्गत गुण कॉलेजकडून भरले जातील एवढं आलं पाहिजे. केंद्र बदललं तरी कॉलेज तेच राहतं. प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण, सगळं उदगीरकडेच. हे विसरून लेखी परीक्षा नीट देऊनही अंतर्गतच्या रकान्यात गैरहजर लागलेली मुलं मी बघितलीत. जाल त्याच दिवशी प्रोजेक्ट जमा करा आणि तोंडी परीक्षेची तारीख विचारून घ्या.

ते पत्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावानं ईमेलनं पाठवा, आणि जमलं तर नातलगाच्या हाती नांदेडला आवक विभागातही द्या.

आता उत्तराचं. लेखी परवानगी हातात येईपर्यंत तुमचं केंद्र जुनंच आहे असं धरा. फोनवर कुणी «जा, बसा, आम्ही कळवतो» म्हणालं तरी सेलूला जाऊ नका. असं एका मुलीचं झालेलं मी पाहिलंय. तोंडी होकारावर ती दुसऱ्या केंद्रावर बसली, पाचही पेपर लिहिले. मूळ केंद्रानं रोजच्या गैरहजर यादीत तिचा बैठक क्रमांक पाठवला, निकालात पाचही विषयांपुढे `AB`. उत्तरपत्रिका दुसऱ्या केंद्राच्या गठ्ठ्यात होत्या. त्या शोधून निकाल दुरुस्त होईपर्यंत तिची एम.कॉम.च्या प्रवेशाची मुदत गेली.

परवानगी आली तर हॉल तिकीट पुन्हा काढा आणि त्यावर नवीन केंद्राचा क्रमांक आलाय का ते बघा. जुनाच असेल तर परवानगी कागदावर आहे, यंत्रणेत पोचलेली नाही. तेव्हा लगेच परीक्षा विभागाला कळवा, आणि परवानगी पत्राची प्रत मूळ केंद्रालाही द्या, म्हणजे ते तुम्हाला गैरहजर दाखवणार नाहीत.

वेरूळ_रोड
माझं चुकलं, दोन विद्यापीठांची हद्द डोक्यात नव्हती. पण मला अजूनही हे खटकतं की आजारी बापाच्या लेकीला सेलू तरी का? एका विद्यापीठाची मुलं दुसऱ्याच्या केंद्रावर बसायला काय हरकत आहे? प्रश्नपत्रिका ऑनलाइनच येते ना?

केंद्रप्रमुख_बारा_वर्षं
प्रश्नपत्रिका येईल हो, पण उत्तरपत्रिका कुणाच्या? बारकोड वेगळे, गठ्ठे वेगळे, आणि कॉपी सापडली तर कारवाई कोणत्या विद्यापीठानं करायची? हे आधी दोन्ही विद्यापीठांनी कागदावर ठरवावं लागेल. तोवर मी माझ्या केंद्रावर बसवणार नाही.

जुना_परीक्षा_विभाग
यात माझं आणि सरांचं जुळत नाही. मला वाटतं, दवाखान्यासारख्या कारणासाठी मराठवाड्यातल्या दोन विद्यापीठांनी तेवढं ठरवायला हवं. पण ते या 26 दिवसांत होणार नाही, म्हणून ताईंनी सेलूच धरावं.

उदगीरची_लेक
परवा रात्रीच्या गाडीने निघते. मावशी दोन दिवस आईसोबत थांबायला तयार झाली. काका, ऐच्छिक विषय सेलूला आहे का हे आधी कुणाला विचारू?

जुना_परीक्षा_विभाग
सेलूच्या कॉलेजच्या परीक्षा टेबलावर फोन करा, विषयाचं नाव नाही, कोड सांगा. नावं सारखी असतात आणि अभ्यासक्रम जुना-नवा निघतो. तिथं नसेल तर अर्जात सेलू खोडून फक्त परभणी ठेवा. अंतर वाढेल, पण पाचही पेपर होतील.