शब्दचर्चा: करार, तह की आणभाक? (गिबोनींच्या निमित्ताने)

पोथीवाली
एक छोटा पेपर लिहायला घेतलाय, फार तर आठ-दहा पानांचा. विषय आहे हिब्रू बायबलमधली 'ब्रीत' ही कल्पना आणि तिच्यावर उभी राहिलेली 'आपण कोण' ही जाणीव. इंग्रजीत त्याला कव्हेनंट म्हणतात, मराठी बायबल सरसकट 'करार' म्हणतं. मला तो शब्द खटकतो, करार म्हटलं की डोळ्यासमोर स्टँपपेपर येतो. 'आणभाक' कसा वाटतो? की 'तह'?

उदाहरण म्हणून यहोशवाच्या पुस्तकातला ९वा अध्याय घेतलाय. गिबोनचे लोक जुनी गोणपाटं, ठिगळं लावलेले जोडे आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन येतात. आपण फार लांबून आलोय असं सांगतात आणि इस्राएलशी करार करून घेतात. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारचेच. तरी करार मोडत नाहीत. माझा मुद्दा असा की समाजाची ओळख रक्तावर नाही, करारावर उभी होती. बरोबर चाललंय का?

कोरा स्टँप
कव्हेनंट आमच्या कामात रोज येतं. कर्जाच्या दस्तात ऋणकोने काय करायचं आणि काय नाही करायचं, त्या कलमांना आम्ही कव्हेनंटच म्हणतो. तेव्हा तुम्हाला हवा तो शब्द 'अट' किंवा 'हमी'. 'आणभाक' वगैरे दस्तात चालणार नाही.

आणि तुमच्या गोष्टीत तर सरळसरळ फसवणूक आहे. खोटं सांगून घेतलेली संमती फसलेल्या पक्षाला रद्द करता येते. यहोशवाने वकील गाठला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पोथीवाली
अहो, दस्त नाही करायचा मला, बायबलवर लिहायचंय! पण रद्द का करता येत नाही, हे विचारलंत ते बरं झालं. त्याचं उत्तर माझ्याकडेही धड नाही.

जुनी वही
उत्तर त्याच अध्यायात, १८व्या-१९व्या ओवीत आहे. लोक पुढाऱ्यांवर कुरकुर करतात. पुढारी म्हणतात, आम्ही इस्राएलच्या देवाची शपथ वाहिली आहे, आता त्यांना हात लावता येणार नाही. गिबोनी खरं बोलले की खोटं, हा प्रश्न ते विचारतच नाहीत. वकीलसाहेबांच्या दस्तात दोन पक्ष असतात आणि त्यांची संमती खरी असावी लागते. इथे शपथ ज्याच्या नावाने घेतली तो तिसरा आहे आणि त्याला कुणी फसवलेलं नाही. फसलेल्या पक्षाने करार मोडला तर खोटी पडते ती त्या तिसऱ्याच्या नावाची शपथ. म्हणून शिक्षा गिबोनींना दुसऱ्या वाटेने दिली जाते. त्यांना लाकूडतोडे आणि पाणके करतात, पण जिवंत ठेवतात.

आता ताई, तुमच्या मुद्द्याबद्दल. तो अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा पेपर पाडेल. सीनाय पर्वतावर इस्राएलशी झालेल्या ब्रीतमध्ये देव स्वतः एक पक्ष आहे. गिबोनच्या ब्रीतमध्ये तो साक्षीदार आणि जामीन आहे, पक्ष आहेत इस्राएलचे पुढारी आणि गिबोनी. शब्द दोन्हीकडे तोच, म्हणून तुम्ही एकातून दुसऱ्यावर उडी मारताय. गिबोनी त्या दिवशी इस्राएल झाले नाहीत. त्यांना मिळालं ते फक्त जगू देण्याचं वचन.

रिकामा घडा
यात एवढं काय आहे? हे सगळं प्राचीन अनातोलियातल्या हित्ती राजांच्या तहांवरून उचललंय, १९५४ साली बायबलचे अभ्यासक मेंडेनहॉल यांनी दाखवून दिलंय. आधी राजाची ओळख, मग पूर्वीच्या उपकारांचा पाढा, मग अटी, साक्षीदार, आशीर्वाद आणि शाप. सगळे अभ्यासक हेच मानतात. म्हणून शब्द 'तह'च.

जुनी वही
'सगळे' काढून टाका. सांगाडा हित्ती तहांसारखा दिसतो हे खरं, विशेषतः उपकारांचा पाढा. पण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातले शाप इ.स.पू. ६७२ मधल्या अश्शूरी राजा एसर्हद्दोनच्या शपथपत्राशी जास्त जुळतात. आकाश पितळेचं आणि जमीन लोखंडाची होण्याचा शाप दोन्हीकडे आहे. मग हे हित्ती काळचं की अश्शूरी काळचं, यावर वाद चालू आहे आणि तो इथे मिटणार नाही. बाईंच्या पेपरला त्याची गरजही नाही. एका वाक्यात उरकावं.

आडवाटेचा
मला एक कळत नाही. गिबोनींना 'आम्ही लांबचे' असं सोंग का घ्यावं लागलं? जवळचे असल्याने काय बिघडत होतं?

जुनी वही
छान विचारलंत. गोष्टीची चावी तिथेच आहे. अनुवादाच्या २०व्या अध्यायात युद्धाचे दोन नियम आहेत. लांबच्या नगराला आधी सलोखा देऊ करायचा आणि त्याने मानला तर लोकांना राबवून घ्यायचं. जवळच्या, म्हणजे इस्राएल जो कनान देश घ्यायला आले होते त्यातल्या नगरांना मात्र कुणालाच सोडायचं नाही. ७व्या अध्यायात तर स्पष्ट बजावलंय की त्यांच्याशी ब्रीत करू नका. म्हणजे गिबोनींचं सोंग अगदी नियम वाचून रचल्यासारखं आहे. बुरसटलेली भाकरी हा त्यांनी 'लांब' या रकान्यात बसण्यासाठी आणलेला पुरावा. आणि निकालही लांबच्यांचाच लागतो, जीव वाचतो आणि राबणं पदरी येतं. लेखकाने कायद्याचा ग्रंथ समोर ठेवून ही गोष्ट सांगितली असं अनेकांचं मत आहे. मलाही ते पटतं.

पोथीवाली
हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. पण मग लाकूडतोडे आणि पाणके ही जोडी अनुवादाच्या २९व्या अध्यायातही आहे की! मवाबात करारासाठी उभे राहिलेल्यांची यादी आहे: वडीलधारी, बायका, पोरंबाळं, छावणीतला उपरा, 'तुझा लाकूडतोड्या ते तुझा पाणक्या'. पुढे असंही म्हटलंय की हा करार आज इथे हजर नसलेल्यांशीही आहे. म्हणजे गिबोनी आधीच करारात धरलेत ना? माझा मुद्दा पुन्हा उभा राहतो!

जुनी वही
अर्धवट उभा राहतो. ही ओवी गिबोनींना उद्देशून आहे, की 'वरपासून खालच्या चाकरापर्यंत सगळे' अशी नुसती बोलण्याची धाटणी आहे, हे ठरवता येत नाही. कुणी म्हणतं गोष्टीवरून ओवी आली, कुणी म्हणतं ओवीवरून गोष्ट. पण एवढं लिहिता येईल की त्या यादीत उपरा आहे आणि तो 'तुमच्या छावणीतला' म्हणून आहे. तिथे त्याचं कूळ कुणी विचारत नाही.

तुमच्या पेपरचा खरा आधार मला दुसरीकडे दिसतो, २ शमुवेलच्या २१व्या अध्यायात. दावीदाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडतो. कारण सांगितलं जातं की आधीचा राजा शौल याने गिबोनींना मारलं होतं. ते का मारले? ग्रंथ म्हणतो, इस्राएल आणि यहूदाबद्दलच्या आवेशाने. त्याच ओवीत आवर्जून सांगितलंय की गिबोनी इस्राएलचे नव्हते, अमोऱ्यांपैकी उरलेले होते, आणि इस्राएलने त्यांना शपथ दिली होती. 'आपण' आणि 'परके' ही रेघ शौल रक्ताने ओढायला जातो आणि ग्रंथ त्यालाच दोषी धरतो.

पुढे बघा. गिबोनी सोनं-चांदी नको म्हणतात, शौलाच्या घरातले सात जण मागतात. दावीद सात देतो, पण शौलाचा मुलगा योनाथान याच्या मुलाला, मफीबोशेथला, वगळतो. का, तर दावीद आणि योनाथान यांच्यात परमेश्वराच्या नावाने शपथ झाली होती. त्या दिवशी कोण मरणार आणि कोण वाचणार, दोन्ही गोष्टी जुन्या शपथांनी ठरतात.

आडवाटेचा
आणि त्या सात जणांनी काय केलं होतं? शपथ पाळायची म्हणून नातवंडं द्यायची? शौलाची उपपत्नी रिस्पा आपल्या मुलांच्या प्रेतांपाशी बसून पाखरं आणि जनावरं हाकलते, ते वाचून माझी तर तुमच्या करारावरची श्रद्धाच उडाली.

जुनी वही
उडावी अशीच गोष्ट आहे ती. ग्रंथही ते लपवत नाही. दावीदाला रिस्पाबद्दल कळतं, तो सगळ्यांच्या अस्थी गोळा करून पुरतो आणि त्यानंतरच देशाची विनवणी ऐकली गेली असं लिहिलंय, सात जणांना दिल्यावर लगेच नाही. ताई, पेपरात हे झाकू नका. करार परक्याचं रक्षण करतो आणि त्याची किंमत तिसऱ्याच कुणाकडून वसूल होते. गिबोनींवरच्या हल्ल्याचा वृत्तांत शौलाच्या स्वतःच्या कथेत कुठेही नाही, हेही नोंदवा. दावीदाच्या बाजूच्या लेखकाने ही सोय करून घेतली, असा संशय घेणारे आहेत.

रिकामा घडा
म्हणजे गिबोन खरंच होतं का नुसतीच कथा?

जुनी वही
गाव होतं. यरुशलेमजवळच्या अल-जीब इथे १९५६ पासून पुरातत्त्वज्ञ प्रिचर्ड यांनी उत्खनन केलं, तेव्हा 'गिबोन' कोरलेल्या मडक्यांच्या मुठी सापडल्या. पण त्या यहूदाच्या राजांच्या उत्तरकाळातल्या. यहोशवाच्या म्हणून धरल्या जाणाऱ्या काळातली भरभक्कम वस्ती तिथे मिळालेली नाही. तेव्हा ९व्या अध्यायाला बातमीपत्र समजू नये.

पोथीवाली
शेवटचा भाग नहेम्याच्या १०व्या अध्यायावर घ्यायचा विचार आहे. तिथे नावानिशी शिक्के मारून बांधीलकी घेतात, देशातल्या इतर लोकांशी सोयरीक नाही, शब्बाथाला खरेदी नाही, मंदिरासाठी वर्षाला शेकेलचा तिसरा हिस्सा. यात सामील झालेल्यांत मंदिरसेवक नथीनीमही आहेत. ते गिबोनींचेच वंशज ना?

जुनी वही
तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा नंतरचा ग्रंथ तसं मानतो, नहेम्या म्हणत नाही. एज्राच्या ८व्या अध्यायात नथीनीम दावीदाने नेमले असं आहे, यहोशवाने नव्हे. आणि तालमूद त्यांना गिबोनी ठरवतं तेच मुळी त्यांच्याशी लग्न निषिद्ध धरताना. म्हणजे तुमच्या मुद्द्याला तो पुरावा उलटा बसेल. नहेम्याकडून एवढंच घ्या की तिथे 'ब्रीत' शब्द नाही, 'अमाना' आहे. आपल्याकडे ईमान, अमानत आले ते याच धातूच्या अरबी भावंडांतून. आणि तिथली रेघ आत येणाऱ्यापेक्षा वेगळं होणाऱ्यावर भर देते. गिबोनची उलटी दिशा.

कोरा स्टँप
मूळ प्रश्न राहिलाच. शब्द कुठला?

जुनी वही
मी 'करार'च ठेवीन. वाचक बायबलमध्ये तोच वाचतात, दुसरा घातला तर ओवी शोधताना अडखळतील. गिबोनच्या प्रकरणात मात्र 'शपथेचा करार' असं लिहावं. 'तह' तिथे चालेल, सीनायला नाही, तिथे लढाई कुणाची नव्हती. 'आणभाक' कानाला गोड आहे, पण आपल्याकडे ती दोघांतलीच असते. हजर नसलेल्या पोरांना आणि नातवंडांना बांधणारी आणभाक मी तरी ऐकली नाही.

आडवाटेचा
मी ऐकली आहे, घराण्यातली. पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पोथीवाली
'शपथेचा करार' घेते. मफीबोशेथचा भाग तळटीपेत होता, तो वर आणतेय. नथीनीम काढून टाकते. रिस्पाचं कुठे बसवायचं ते मात्र अजून कळत नाहीये.